अर्जन्सी की शॉर्ट-टर्म विन? आधी पुरावा कशाचा आहे ते बघा

प्रश्न: संस्थेत बदल कसा घडवायचा यावरच्या जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या क्रमाने पाठ आहेत, पण प्रसंग देऊन विचारलं की 'अर्जन्सी निर्माण करणे' आणि 'शॉर्ट-टर्म विन्स' यांत हमखास घोळ होतो. एमसीक्यूमध्ये हे दोन नेमके ओळखायचे कसे?

उत्तर:

घोळ होतो कारण दोन्ही पायऱ्यांत लोकांसमोर काहीतरी पुरावा ठेवला जातो. कधी आकडे असतात, कधी ग्राहकांच्या तक्रारी, कधी एखाद्या विभागाचा निकाल. त्यामुळे 'व्यवस्थापनाने आकडेवारी सर्वांना दाखवली' असं वाक्य प्रश्नात आलं की दोन्ही पर्याय बरोबर वाटायला लागतात. मी हा विषय शिकवतो आणि त्यावर प्रश्नही काढतो. वर्गात मी एकच गोष्ट आधी बघायला सांगतो: दाखवलेला पुरावा कशाचा आहे? जुनी पद्धत यापुढे चालणार नाही, याचा असेल तर पहिली पायरी, म्हणजे अर्जन्सी. नवी पद्धत खरंच चालते, याचा असेल तर सहावी, म्हणजे शॉर्ट-टर्म विन.

हे प्रत्यक्ष प्रसंगावर लावून बघू. समजा, प्रश्नात यंत्रं बनवणारी एक कंपनी दिली आहे. ग्राहकाची तक्रार निकाली निघायला तिथे सरासरी 21 दिवस लागतात. नव्या संचालक सगळ्या व्यवस्थापकांना एका खोलीत बसवून ग्राहकांच्या तक्रारींची रेकॉर्डिंग्ज ऐकवतात आणि सोडून गेलेल्या ग्राहकांची यादी समोर ठेवतात. मग विक्री, उत्पादन आणि सर्व्हिस या तिन्ही विभागांच्या प्रमुखांचा गट तयार होतो. तक्रार 7 दिवसांत मिटवायची, असं ध्येय ठरतं आणि ते सगळीकडे सांगितलं जातं. सुटा भाग बदलून द्यायला तीन वरिष्ठांच्या सह्या लागायच्या, ती अट काढून टाकली जाते. सुरुवातीलाच ठरवून निवडलेल्या एका शाखेत पाच महिन्यांत सरासरी 21 वरून 8 दिवसांवर येते. ते आकडे सगळ्या शाखांना कळवले जातात आणि त्या शाखेच्या टीमचं जाहीर कौतुक होतं.

रेकॉर्डिंग्ज ऐकवणं ही पहिली पायरी, कारण त्यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की आहे ते असंच चालू ठेवता येणार नाही. नवीन काही अजून सुरूही झालेलं नाही. 21 वरून 8 ही सहावी पायरी. सह्यांची अट काढणं ही पाचवी, म्हणजे अडथळे दूर करून लोकांना काम करू देणं. ही पाचवीही सहावीशी गल्लत करायला लावते, कारण नियम काढला की लोकांना लगेच हायसं वाटतं आणि तेच यश वाटतं. पण नियम काढणं म्हणजे मार्ग मोकळा करणं. त्या मार्गाने जाऊन मोजता येईल असा परिणाम आला की मगच त्याला विन म्हणायचं.

आता याच प्रसंगातला सहाव्या पायरीचा भाग थोडा थोडा बदलून बघा, कारण प्रश्न काढणारा नेमकं हेच करतो. कॉटर यांनी चांगल्या शॉर्ट-टर्म विनची तीन लक्षणं सांगितली आहेत: ते अनेकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, त्यात वादाला जागा नसावी, आणि त्याचा चालू असलेल्या बदलाशी स्पष्ट संबंध असावा. समजा, 8 दिवसांचा आकडा फक्त संचालकांच्या अहवालात राहिला आणि इतर शाखांना कळलाच नाही, तर पहिलं लक्षण गेलं. त्या काळात तक्रारीच कमी आल्या होत्या म्हणून दिवस कमी झाले असं कोणी म्हणू शकत असेल, तर दुसरं गेलं. जुन्याच पद्धतीने, फक्त कर्मचाऱ्यांना रात्री थांबवून काम उरकलं असेल, तर तिसरं गेलं. या तिन्ही प्रसंगांत आकडा तोच राहतो, 21 वरून 8, पण उत्तर बदलतं. म्हणून आकडा सुधारलेला दिसला की लगेच सहाव्या पायरीवर खूण करू नका. तो कशामुळे सुधारला आणि कोणाला दिसला, ते वाक्य शोधा.

आणखी एक शब्द जपून वाचायचा, तो म्हणजे 'ठरवून'. पाठ्यपुस्तकांत सहावी पायरी 'शॉर्ट-टर्म विन्सची योजना करा, ती घडवा आणि त्यांना बक्षीस द्या' अशा अर्थाने येते. कॉटर यांचा आग्रह असा की यश येईल अशी वाट बघणं वेगळं आणि ते घडवून आणणं वेगळं. पर्यायात 'सुरुवातीचे निकाल चांगले येतील अशी आशा ठेवणे' असं असेल तर ते चुकीचं. वरच्या प्रसंगात शाखा आधीच निवडली होती, ही बारीक गोष्ट उत्तर पक्कं करते.

पहिल्या पायरीत सापळा वेगळ्या प्रकारचा असतो. तिथे घाई आणि अर्जन्सी एकच समजली जाते. 'संचालकांनी रोजचे अहवाल मागवले, एकामागून एक बैठका लावल्या, टार्गेट न गाठणाऱ्यांना नोकरी जाईल अशी तंबी दिली' असं वर्णन आलं की अनेक जण पहिल्या पायरीवर खूण करतात. कॉटर यांनी 2008 मधल्या पुस्तकात हा फरक स्पष्ट केला आहे. एका टोकाला आत्मसंतुष्टता असते, म्हणजे 'आपलं बरं चाललंय' ही भावना. दुसरीकडे खोटी अर्जन्सी असते, ज्यात भीतीपोटी खूप धावपळ होते पण नेमक्या प्रश्नाकडे कोणी बघत नाही. खरी अर्जन्सी यांपेक्षा वेगळी: बाहेर काय घडतंय हे माणसाला पटलेलं असतं आणि महत्त्वाचं काम आजच पुढे न्यावं असं त्याला स्वतःहून वाटतं. प्रसंगात धमकी, अहवाल आणि बैठका भरपूर असतील, पण ग्राहक, प्रतिस्पर्धी, बाजार किंवा हातची जाणारी संधी यांचा उल्लेखही नसेल, तर 'अर्जन्सी निर्माण झाली' हा पर्याय संशयाने बघा. उलट, अर्जन्सीसाठी संकटच हवं असंही नाही. मोठी संधी दाखवूनही ती निर्माण होते.

पहिल्या पायरीचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण कॉटर आणि डॅन कोहेन यांनी 2002 मध्ये मांडलेलं आहे. एका मोठ्या उत्पादक कंपनीत खरेदीवर वारेमाप खर्च होत होता, पण वरिष्ठांना ते जाणवत नव्हतं. एका अधिकाऱ्याने सुट्टीत कामाला आलेल्या विद्यार्थिनीकडून फक्त हातमोज्यांचा हिशोब काढून घेतला. कंपनीचे कारखाने मिळून 424 प्रकारचे हातमोजे घेत होते आणि तोच मोजा एका कारखान्याला 5 डॉलरला, तर दुसऱ्याला 17 डॉलरला पडत होता. तिने प्रत्येक मोज्याला किंमत आणि कारखान्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावली, मग सगळा ढीग बैठकीच्या टेबलावर रचून विभागप्रमुखांना बोलावलं गेलं. ते टेबलाभोवती फिरले, एकसारखे दिसणारे दोन मोजे हातात घेऊन चिठ्ठ्या वाचल्या आणि काही क्षण कोणालाच काही बोलता आलं नाही.

हा प्रसंग प्रश्नात आला तर उत्तर काय? बरेच जण सहावी पायरी सांगतात, कारण प्रसंग छोटा आहे, डोळ्यांना दिसणारा आहे आणि त्याचा परिणाम झटपट झाला. पण त्या टेबलावर एक पैसाही वाचला नव्हता. दिसलं ते फक्त जुन्या पद्धतीचं नुकसान. म्हणून पहिली पायरी. पुढे खरेदी एकत्र करून एखाद्या वस्तूचा खर्च प्रत्यक्ष कमी झाला आणि तो सगळ्यांना दाखवला, तर ते सहाव्यात जाईल.

थेट आकडे विचारणारे प्रश्नही येतात. आठ पायऱ्यांचा मूळ लेख 1995 चा, त्यावरचं पुस्तक 1996 चं. लेखात कॉटर म्हणतात की साधारण 75 टक्के व्यवस्थापनाला 'आहे तसं चालू ठेवणं अजिबात मान्य नाही' असं मनापासून पटलं, की अर्जन्सी पुरेशी झाली. हे 75 टक्के व्यवस्थापनाचे आहेत. पर्यायात 'एकूण कर्मचाऱ्यांच्या 75 टक्के' असं घालून फसवता येतं. शॉर्ट-टर्म विन्सबद्दल त्याच लेखात 12 ते 24 महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात ठोस पुरावा दिसला नाही तर बहुतेक लोक साथ सोडतात किंवा विरोधकांना जाऊन मिळतात.

या मुदतीतूनच एक प्रश्न निघतो, आणि त्यात हुशार विद्यार्थीही अडकतात: 'बदलाला बराच काळ लागणार हे लक्षात आल्यावर लोकांमधली अर्जन्सी ओसरते. ती टिकवायला कोणती पायरी मदत करते?' वाक्यात अर्जन्सी हा शब्द आहे म्हणून पहिली पायरी निवडली जाते. बरोबर उत्तर सहावी आहे. ठरलेल्या मुदतीत विन दाखवायचंच असा दबाव असला की लोक सैलावत नाहीत, आणि ध्येय नेमकं काय आहे याचा विचारही अधिक काटेकोर होतो. पहिली पायरी अर्जन्सी उभी करते, सहावी तिला ओसरू देत नाही.

सातवी पायरी म्हणजे मिळालेल्या यशाच्या बळावर बदल आणखी पुढे नेणं. सहावी आणि सातवी यांच्या सीमेवर 'विजय जाहीर करणे' हा शब्दप्रयोग येतो. आपल्या प्रसंगात 8 दिवसांचा आकडा बघून संचालकांनी 'मोहीम फत्ते झाली' असं जाहीर केलं आणि गट बरखास्त केला, तर ती सहावी पायरी पूर्ण झाली असं नाही. ती सातव्या पायरीवरची चूक आहे, वेळेआधी विजय जाहीर करण्याची. त्याच आकड्याने मिळालेल्या विश्वासाच्या बळावर त्यांनी सुट्या भागांचा साठा आणि बिलिंगची पद्धत बदलायला घेतली, तर ती सातवी पायरी नीट पार पडत आहे. विन साजरं करायला हरकत नाही, ते केलंच पाहिजे. काम संपलं असं म्हणायचं नाही, इतकंच.

कर्ट लेविन यांच्या तीन टप्प्यांशी जोड्या लावायला सांगितल्या तर पहिल्या चार पायऱ्या 'अनफ्रीझ'मध्ये म्हणजे जुनी घडी सैल करण्याच्या टप्प्यात, पाचवी ते सातवी बदलाच्या टप्प्यात आणि आठवी 'रिफ्रीझ'मध्ये म्हणजे नवी घडी पक्की करण्याच्या टप्प्यात धरतात. म्हणजे आपल्या दोन पायऱ्या वेगवेगळ्या टप्प्यांत पडतात, आणि पर्याय गाळायला हे कामी येतं.

राहिलं बक्षीस. पर्यायात बक्षीस दिसलं की सहावी, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो, पण आठवीशी त्याची टक्कर होते. पाच महिन्यांचा निकाल दिल्याबद्दल त्या शाखेला बोनस मिळाला तर सहावी. यापुढे कोणत्याही शाखाप्रमुखाची बढती तक्रार किती दिवसांत मिटते यावर ठरेल, असा नियमच झाला तर आठवी, कारण तिथे एका यशाचं कौतुक होत नाही, नवी वागणूक संस्थेच्या रीतीत बसवली जाते.