रात्रीचं इन्सुलिन वाढवत कुठवर न्यायचं?

*"टाइप २ मधुमेह, वजन ६८ किलो. रोज रात्री दहाला ग्लार्जिन. डॉक्टरांनी सकाळची उपाशीपोटीची साखर बघून डोस स्वतः वाढवायला सांगितलंय, लक्ष्य ८० ते १३०. १० युनिटपासून ३२ वर आलोय, तरी सकाळी १५०-१६०च येते. एकदम ४-५ वाढवू का? थांबायचं कधी?"*

एकदम नको. बऱ्याच डॉक्टरांची पद्धत अशी की लागोपाठ तीन सकाळच्या साखरा बघायच्या. तिन्ही लक्ष्याच्या वर असतील आणि मध्ये एकदाही ७०च्या खाली गेली नसेल, तर २ युनिट वाढवायची. तीन दिवस यासाठी, की नव्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला तेवढे लागतात. कालच्या एका आकड्यावर आज डोस वाढवला तर आधीच्या वाढीचा असर यायच्या आतच पुढची वाढ होते.

पण तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. वजनाच्या निम्मी, म्हणजे तुमची ३४ युनिट, ही धोक्याची घंटा समजा. तिथवर येऊनही सकाळ उतरत नसेल तर आधी तीन रात्री झोपताना साखर तपासा. झोपताना १५५ आणि सकाळी १५८ असेल तर रात्रीचं इन्सुलिन खरंच कमी पडतंय. झोपताना २२० आणि सकाळी १५५ असेल तर ते आपलं काम चोख करतंय, गडबड रात्रीच्या जेवणात आहे. हा फरक ५०च्या वर गेला की डोस वाढवणं थांबवायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

मी नेमका इथेच चुकलो होतो. वजन ७२, डोस हट्टाने ३८ वर नेलेला. झोपताना २२८, सकाळी १४२. सकाळ अजून थोडी खाली यावी एवढाच ध्यास. एका एकादशीला रात्री नुसती भगर खाल्ली, तीही दोन घास, आणि पहाटे तीनला घामाने भिजून जागा झालो. मीटरवर ६१. तीन चमचे साखर पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८४. डॉक्टरांनी डोस ३२ वर आणला (अशा वेळी साधारण १० ते २० टक्के कमी करतात), रात्रीच्या भाकऱ्या तीनवरून दीड केल्या आणि जेवण साडेनऊऐवजी साडेसातला. दोन आठवड्यांनी झोपताना १६० आणि सकाळी १२६ येऊ लागली. तेही सहा युनिट कमी घेऊन!

आणखी एक, पोटावर हात फिरवून बघा. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आपण मात्र डोस वाढवत बसतो. गाठ सापडली तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी डोसचं बोला, कारण चांगल्या जागेवर तीच ३२ युनिट जास्त लागू पडतात आणि साखर धाडकन उतरू शकते.