आठ मिनिटांची बैठक

ताई, मी सोळा वर्षांची आहे. अभ्यासाला बसले की थोड्याच वेळात पाय आपोआप हलायला लागतात आणि मी उठते. टायमर लावून २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी असं करून पाहिलं, पण पंधराव्या मिनिटाला मी खोलीत फेऱ्या मारत होते आणि ५ मिनिटांच्या सुट्टीचा तास झाला. आई म्हणते, पायाला भिंगरी लागलीय. माझ्यातच काही खोट आहे का?
— भिंगरी

प्रिय भिंगरी,

खोट त्या २५ आकड्यात आहे. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ही पद्धत स्वतःसाठी बसवली. ते त्याचं माप होतं. तुझं माप तुला काढावं लागेल.

माझ्या भाचीचं माप आम्ही असं काढलं. पाच बैठकांत तिला एकच सांगितलं, की अगदी राहवेना झालं की ऊठ, पण उठताना किती मिनिटं झाली ते वहीच्या मागच्या पानावर लिही. आकडे आले ११, ७, १३, ९, १०. तिची बैठक आम्ही ८ मिनिटांची ठरवली, कारण पाचपैकी चार वेळा ती ८ मिनिटं सहज बसली होती. चुळबुळ सुरू होण्याआधीच उठायचं, हे यातलं मर्म आहे. वैतागून उठलीस की पुस्तक म्हटलं की तो वैतागच आठवतो आणि परत बसायला जीव होत नाही.

मग ३ मिनिटं अंग हलवायचं. भाची दोन वेळा जिना चढते-उतरते आणि भिंतीला हात टेकवून दहा जोर काढते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी पिते, सावकाश श्वास घेते आणि बसते. परतल्यावरही धाप लागलेली असेल, तर व्यायाम जास्त झाला. पाय अजून शिवशिवत असतील, तर कमी झाला. फोन मात्र या ३ मिनिटांत नको. त्यात अंग हलत नाही, आणि तो कधी संपला म्हणायचं ते कळतच नाही. तुझ्या सुट्टीचा तास कुठे गेला, ते आठवून बघ. जिना दोनदा चढून झाला की संपतो. सुट्टीसाठी अशीच आपोआप संपणारी गोष्ट निवड.

तरीही खरी अडचण येते ती परतताना. एकदा भाची गणिताच्या मधोमध उठली, आणि परत आल्यावर पहिल्यापासून वाचण्यातच तिची तीन-चार मिनिटं गेली. ८ मिनिटांच्या बैठकीत हे परवडणारं नाही. तेव्हापासून घंटा वाजली की ती हातातली पायरी पुरी करते आणि पुढची पायरी पेन्सिलीने लिहून उठते, जसं ‘आता दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं’. परतली की पहिलं काम समोर तयार असतं. धडा वाचत असशील, तर पुढच्या परिच्छेदातून काय शोधायचं आहे तो प्रश्न समासात लिहून ठेव.

अशा चार बैठका आणि मधल्या तीन सुट्ट्या मिळून ४१ मिनिटं होतात. त्यातली ३२ निखळ अभ्यासाची. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं मोकळी घे. चार-पाच दिवस कुठेही न अडखळता गेले, तरच बैठक २ मिनिटांनी वाढव. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतेयस असं दिसलं, तर वाढवलेली २ मिनिटं काढून टाक. दमलेल्या दिवशी ८चे ६ झाले तरी चालतील. पाठांतर तर उभ्याने, चालत कर. त्यासाठी बसायचं कारणच नाही.

एक गोष्ट मात्र नीट तपास. बारा वर्षांची होण्याआधीपासून, घरी आणि शाळेतही, वस्तू हरवणं, कामं अर्धवट राहणं, समोरच्याचं बोलणं तोडणं असं होत आलं असेल आणि त्याने रोजचं जगणं अडत असेल, तर आईला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेट. ते एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड करणारी अवस्था, आहे का ते तपासतील. ते निघालं, तरी बैठका सोडू नकोस. त्या उपचारासोबतही चालतात.

आणि हे पत्र आईला दाखव. भिंगरीच्या आई, तुम्हाला एकच विनंती. लेक ३ मिनिटांसाठी खोलीबाहेर आली, की ‘आलीच आहेस तर एवढं कर’ म्हणू नका, आणि ‘उठलीस पण?’ असंही विचारू नका. ती जिना उतरून परत खोलीत जाईल, तिला जाऊ द्या.

— तुझी ताई