कागदावर सल्लागार, कामावर नोकर

"दादा, मी जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षांपासून सल्लागार आहे. रोज साडेनऊ ते सहा तिथंच असतो, दुसरं काम नाही. करारात 'कर्मचारी नाही' असं लिहिलंय. मला पीएफ, ग्रॅच्युइटी काही मागता येईल का?"

भाऊ, करारातल्या त्या ओळीनं तुमचा हक्क संपत नाही. पण नुसत्या साडेनऊ ते सहामुळे तो सिद्धही होत नाही. भुसावळहून रोज अप-डाउन करणाऱ्या एका विद्युत अभियंत्याची केस मी हाताळली होती, ती सांगतो.

पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते आठ वर्षं होते. सुरुवात 18,000 रुपयांवर झाली, शेवटी 26,000 मिळत होते. दरमहा बिल द्यायचं, कंपनी 10 टक्के टीडीएस कापायची. काम सोडल्यावर त्यांनी ग्रॅच्युइटी मागितली, तर कंपनीनं करार पुढे केला.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा सगळा भर वेळेवर होता. मी विचारलं, "आजारी पडलात तर बदली माणूस पाठवू शकत होता का? रजा कोण मंजूर करायचं? मशीन बंद पडल्यावर आधी काय बघायचं, हे कोण ठरवायचं? अवजारं कुणाची?" उत्तरं ऐकली आणि केसमध्ये दम आहे हे कळलं. बदली माणूस चालत नव्हता, रजेसाठी प्लँट मॅनेजरला ईमेल करावा लागे, मीटरपासून सेफ्टी शूजपर्यंत सगळं कंपनीचं होतं आणि शिफ्टच्या तक्त्यात त्यांचं नाव कामगारांच्या यादीतच होतं.

न्यायालयं हेच पाहतात. 1973 च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस खटल्यात शिंपी नगावर पैसे घेत होते. तरी शिलाई मशीन दुकानाची आणि बिघडलेलं काम परत करून घेण्याचा अधिकार मालकाचा, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नोकर मानलं. उलट 2020 मध्ये मासिक मानधन आणि उत्पन्नातला टक्का घेणाऱ्या एका नेत्रशल्यचिकित्सकाला त्याच न्यायालयानं स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं. म्हणजे एकच खूण पुरत नाही, सगळं चित्र बघितलं जातं.

कंपनीच्या वकिलानं सगळ्यात जड कागद काढला तो आमच्याच अशिलाचं आयकर विवरणपत्र. त्यात त्यांनी कलम 44एडीएखाली उत्पन्न व्यवसायाचं दाखवून निम्म्यावरच कर भरला होता. असा कागद अंगावर येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्यानं केस संपत नाही, पण 'कंपनीनं टीडीएस व्यावसायिक फी म्हणून कापला, म्हणून विवरणपत्रही तसं भरलं' हे मांडावं लागतं, आणि रजेचे ईमेल त्यापेक्षा वजनदार असावे लागतात. आमचे होते.

पीएफवर मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आशा धरू नका. आधी कधीही पीएफ सदस्य नसलेला माणूस 15,000 रुपयांपेक्षा जास्त मूळ पगारावर रुजू झाला, तर त्याला सदस्य करणं मालकाला सक्तीचं नसतं. त्यांची सुरुवातच 18,000 ची, तीही एकरकमी. नोकर ठरूनही हा हक्क हाती लागला नसता. ग्रॅच्युइटीला अशी पगाराची मर्यादा नाही. आस्थापनेत दहा माणसं हवीत आणि सलग पाच वर्षं सेवा हवी. शिवाय करारात काहीही लिहिलं तरी 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा त्यावर मात करायचा.

हिशेब असा केला : 26,000 ला 26 नं भागलं की एका दिवसाचे 1,000 रुपये. वर्षाला 15 दिवस म्हणजे 15,000, आणि आठ वर्षांचे 1,20,000. नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे अर्ज गेला, हजेरीच्या बायोमेट्रिक नोंदी मागवल्या गेल्या आणि त्यानंतर कंपनीनं तडजोडीला होकार दिला. मूळ रक्कम मिळाली, व्याज सोडावं लागलं.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. 15 दिवसांचा हिशेब तसाच आहे. मुदतीच्या नोकरीला मात्र एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागते, म्हणून तुमचा करार दरवर्षी नवा होत असेल तर ते मला आवर्जून सांगा.

ग्रॅच्युइटी काम सुटल्यावरच देय होते, तेव्हा आत्ता भांडण उकरू नका. तुम्हाला आलेले रजेचे, शिफ्टचे, कामाच्या सूचनांचे ईमेल जपून ठेवा, कारण काम सुटलं की कंपनीचं खातं त्याच दिवशी बंद होतं. कंपनीची गोपनीय माहिती मात्र त्यात नको. आणि पहिल्या महिन्याचं बिल शोधा. पीएफचं उत्तर त्या आकड्यावर आहे.