मागचा खर्च पुढे चालू राहणार नसेल तर ईएसी कसा काढावा?

प्रश्न: "आमच्या बांधकामाचा सीपीआय 0.78 आहे, पण ज्या कारणाने खर्च वाढला ते कारण आता संपले आहे. ईएसी काढताना `BAC / CPI` घ्यायचे की `AC + (BAC - EV)`? साहेब म्हणतात दुसरे घ्या, आकडा बरा दिसतो."

ईएसी म्हणजे काम पूर्ण होईपर्यंतच्या एकूण खर्चाचा अंदाज, आणि सीपीआय म्हणजे झालेल्या कामाची अंदाजपत्रकातील किंमत, अर्थात ईव्ही, भागिले प्रत्यक्ष खर्च, अर्थात एसी. बीएसी म्हणजे मूळ अंदाजपत्रकाची एकूण रक्कम. तुमच्या साहेबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कारण खरोखर संपले असेल, तर जुना सीपीआय उरलेल्या कामाला लावणे चूक ठरते. मात्र `AC + (BAC - EV)` हे सूत्र फक्त 'ते कारण संपले' एवढेच म्हणत नाही. 'उरलेले प्रत्येक काम मूळ अंदाजपत्रकातील रकमेतच होईल' असेही त्यात गृहीत धरलेले असते, आणि हे दुसरे विधान कोणी तपासून पाहिलेले नसते.

नेहमी वापरली जाणारी सूत्रे चार आहेत. त्यांतील एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही, आणि पीव्ही म्हणजे आतापर्यंत व्हायला हव्या असलेल्या कामाची अंदाजपत्रकातील किंमत.

```
EAC = BAC / CPI
EAC = AC + (BAC - EV)
EAC = AC + (BAC - EV) / (CPI × SPI)
EAC = AC + ETC
```

चौथ्या सूत्रातील ईटीसी म्हणजे उरलेल्या कामाचा बाबवार, नव्याने केलेला अंदाज. झालेला खर्च, म्हणजे एसी, चारही सूत्रांत तोच असतो. फरक पडतो तो उरलेल्या कामाबद्दल आपण काय मानतो यामुळे. तिसरे सूत्र मुदत हलवता येत नसेल आणि ती गाठण्यासाठी जादा पाळ्या लावाव्या लागणार असतील तेव्हा अर्थपूर्ण असते. प्रकल्प संपत आला की एसपीआय आपोआप 1 कडे सरकतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात त्याचा उपयोग राहत नाही.

मी चाकण परिसरातील एका गोदामाच्या कामावर खर्चाचा हिशेब पाहत असे, तिथे नेमका तुमचाच प्रश्न उभा राहिला होता. पाचव्या महिन्याच्या अखेरीस बीएसी 800 लाख, पीव्ही 360, ईव्ही 300 आणि एसी 375 लाख रुपये होता, म्हणजे सीपीआय 0.80 आणि एसपीआय 0.83. पहिल्या सूत्राने ईएसी 1000 लाख येत होता, दुसऱ्याने 875 आणि तिसऱ्याने 1125. एकाच दिवशी, एकाच आकड्यांवरून अडीच कोटींची तफावत! साइटवरील अभियंत्याचे म्हणणे होते की पायाच्या खोदाईत कातळ लागला, ब्रेकर लावावे लागले, आता पाया पूर्ण झाला आहे आणि कातळाचा प्रश्न मिटला आहे, तेव्हा 875 धरावे.

आम्ही आधी 75 लाखांची तूट कारणांप्रमाणे फोडली. पायाच्या कामाचा ईव्ही 140 होता आणि त्यावर 190 लाख खर्च झाले होते, म्हणजे कातळाचा वाटा 50 लाख. उरलेले 25 लाख आरसीसीत होते. तिथे ईव्ही 160 आणि खर्च 185. आरसीसीची दोन कारणे निघाली. सळईचा दर अंदाजपत्रकातील दरापेक्षा चढा होता, आणि शटरिंगचे प्लाय ठरवले होते तितक्या वेळा पुन्हा वापरता येत नव्हते. कातळाशी या दोन्हींचा काहीही संबंध नव्हता आणि दोन्ही कारणे पुढेही चालू राहणार होती.

याची खूण महिन्याच्या आकड्यांत आधीच दिसत होती. पाया चौथ्या महिन्यात संपला होता. पाचव्या महिन्यात फक्त आरसीसीचे काम झाले, आणि त्या एका महिन्याचा ईव्ही 70 व एसी 81 लाख होता, म्हणजे सीपीआय 0.86. सगळा दोष कातळाचाच असता, तर या महिन्यात तो 1 च्या जवळ यायला हवा होता. 'कारण संपले' असे कोणी सांगितले की मी आता प्रथम कारण संपल्यानंतरच्या महिन्याचा सुटा सीपीआय मागतो, कारण संचयी सीपीआयमध्ये जुना खर्च मुरलेला असतो आणि त्यावरून सुधारणा झाली की नाही हे कळत नाही. (एसी फक्त चुकत्या केलेल्या बिलांवरून धरत असाल, तर ही तपासणीही फसते, झालेल्या पण बिल न आलेल्या कामाचा खर्च त्यात आधी मिळवावा लागतो.)

त्यानंतर उरलेल्या 500 लाखांच्या कामाचा ईटीसी बाबवार मांडला. आरसीसीचे 160 लाखांचे काम बाकी होते. त्याची कारणे चालूच असल्यामुळे त्याला आरसीसीचाच सीपीआय लावला आणि 185 लाख धरले. लोखंडी शेडसाठी अंदाजपत्रकात 220 लाख होते, पण ऑर्डर ठोक रकमेने 228 लाखांना गेलेली होती. तिथे कुठलाच सीपीआय लावण्याचे कारण नव्हते. फरशी, विद्युत आणि बाकीच्या कामांना 120 लाख होते, त्यांची ताजी कोटेशने 126 लाखांची आली. काम दोन महिने मागे पडले होते, म्हणून साइट ऑफिस, सुरक्षा आणि पर्यवेक्षण यांचे महिन्याला 4 लाख याप्रमाणे 8 लाख वाढवले. एकूण ईटीसी 547 आणि ईएसी 922 लाख झाला. कातळाचे 50 लाख एसीमध्ये जमा आहेतच. पुढच्या कामावर त्यांची सावली पडू दिली नाही, एवढेच.

निघालेला आकडा पटण्याजोगा आहे का, हे पाहण्यासाठी टीसीपीआयचे, म्हणजे त्या ईएसीत बसण्यासाठी उरलेल्या कामाला लागणाऱ्या सीपीआयचे, सूत्र लावावे.

```
TCPI = (BAC - EV) / (EAC - AC)
```

875 साठी उत्तर 500 भागिले 500, म्हणजे 1.00 येते. दुसऱ्या सूत्राने ते नेहमी 1.00 च येणार, कारण तेच त्याचे गृहीतक आहे. 0.86 ने चाललेले काम उद्यापासून 1.00 ने चालेल, असा त्याचा अर्थ. तो कशाच्या जोरावर, हे साइटने सांगावे. 922 साठी उत्तर 0.91 येते, आणि निम्म्याहून जास्त रक्कम ऑर्डर किंवा कोटेशनने बांधलेली असताना ते विश्वास ठेवण्याजोगे वाटते. मूळ 800 लाखांतच काम बसवायचे म्हटले, तर 1.18 लागला असता.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या करारांच्या अभ्यासात असे आढळले होते की साधारण 20 टक्के काम झाल्यावर संचयी सीपीआय सहसा 10 टक्क्यांहून जास्त हलत नाही. त्याच्या आधारे काही जण `BAC / CPI` सरसकट लावतात. तो निष्कर्ष मोठ्या, लांब चालणाऱ्या आणि बऱ्याच अंशी एकाच जातीच्या कामांच्या करारांतून आलेला आहे. गोदामासारख्या कामात पाया, आरसीसी आणि शेड यांचे ठेकेदार, दर आणि जोखमी वेगवेगळ्या असतात, म्हणून पायाचा सीपीआय शेडबद्दल काहीच सांगत नाही. उलट, दर महिन्याला 'या वेळचे कारण एकदाचेच होते' असे नवे कारण पुढे येत असेल, तर कारणे वेगळी असली तरी अंदाजपत्रकच तोकडे आहे, आणि अशा वेळी मी `BAC / CPI` कडे परत जातो.

आमच्या कामात सहाव्या महिन्यात आरसीसीचा सीपीआय 0.87 आला, म्हणून 185 चा आकडा हलवला नाही. फरशीची ऑर्डर मात्र कोटेशनपेक्षा 3 लाख जास्त रकमेने गेली आणि ईएसी 925 लाख झाला.