लंडनच्या कंपनीची ऑफर आलीय, व्हिसा स्पॉन्सर करतायत, रिलोकेशनचे ५,००० पौंडही देतायत. सही करण्याआधी काय बघू?

पगाराच्या आधी करारातलं परतफेडीचं कलम काढून वाचा. 'दोन वर्षांच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत' असं असेल, तर २३व्या महिन्यात सोडलं तरी ५,००० भरावे लागतील. रक्कम दरमहा कमी होत जाईल असं लिहून मागा. मग १४व्या महिन्याअखेर सोडलंत तर दहा महिन्यांचेच, म्हणजे साधारण २,०८३ पौंड द्यावे लागतील. कंपनीने स्वतः काढलं तर काहीच परत नाही, हेही लेखी हवं. एचआर फोनवर गोड बोलते, त्याला अर्थ नाही.

'व्हिसाचा खर्च आमचा' म्हणजे नेमका कोणता, तेही विचारा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो अर्जासोबतच एकरकमी जातो. तीन वर्षांचा व्हिसा, नवरा-बायको दोघं: ६,२१० पौंड. माझ्या वेळी कंपनीने फक्त माझा भरला, बायकोचा भरताना एफडी मोडावी लागली. परदेशी माणसाला स्पॉन्सर केल्याबद्दल सरकारला भरायचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज मात्र कायद्याने कंपनीचाच, तो तुमच्याकडून वसूल करायचं कलम दिसलं तर सावध व्हा.

नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवसच मिळतात, त्यामुळे नोटीस पीरियड एक महिन्याचा असेल तर तीन मागून बघा.