छोट्या टिनसाठी पाउंड केकचं माप

प्रश्न: मैदा, लोणी, साखर, अंडी समान वजनाची घेतात, पण माझा टिन छोटा आहे. किती घेऊ? (कोल्हापूर)

सुरुवात अंड्यांपासून करा, कारण अंडं अर्धं करणं कटकटीचं. टिन पाण्यानं काठोकाठ भरून ते पाणी मोजा. ७५० मिली भरलं, तर दोन अंडी पुरतात. ती फोडून, टरफलाशिवाय तोला. समजा ९६ ग्रॅम भरली, तर मैदा, लोणी, साखरही प्रत्येकी ९६ ग्रॅम. मिश्रण टिनच्या दोन तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते ओव्हनमध्ये उतू जातं.

म्हशीच्या दुधाचं घरचं लोणी वापरणार असाल, तर आधी त्यातलं ताक दाबून काढा. त्या पाण्यानं वजन फसतं आणि केक गच्च होतो. लोणी-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेटा; बेकिंग पावडर नसल्यानं केक याच हवेवर फुगतो. अंडी फ्रिजमधली थंड नकोत. फेटून चमचा-चमचा घाला. मिश्रण दहीसारखं फुटायला लागलं, की त्यातलाच चमचाभर मैदा टाका. उरलेला मैदा शेवटी हलक्या हातानं.

१६० अंशांवर पस्तिसाव्या मिनिटापासून सुई घालून बघा.