बायबॅकनंतर ईपीएस वाढला तरी बुक व्हॅल्यू का घटते?

प्रश्न: मी नागपूरचा आहे, बाबांचे शेअर आता मी बघतो. त्यांच्याकडच्या एका कंपनीने जानेवारीत बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच काही शेअर परत विकत घेतले. मार्चच्या ताळेबंदात प्रति शेअर बुक व्हॅल्यू चांगलीच घसरलेली दिसते आणि ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा, जवळपास तिथेच आहे. शेअरची संख्या कमी झाली तर दोन्ही वाढायला हवेत ना?

उत्तर: दोन्ही वाढतीलच असं नाही. शेअर कमी होतात हे खरं, पण ते कमी करायला कंपनीच्या खिशातून रोख रक्कम जाते. ती रक्कम दोन ठिकाणी जाणवते. नेटवर्थ, म्हणजे भागधारकांचा वहीतला एकूण पैसा, तेवढ्याने घटते, आणि त्या रकमेवर मिळणारं व्याज बंद होतं म्हणून नफाही थोडा घटतो. म्हणजे भागाकारातले वरचे आणि खालचे दोन्ही आकडे उतरतात. कोणता जास्त उतरला त्यावर उत्तर ठरतं, आणि ते ठरवते बायबॅकची किंमत.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. शेअर १० कोटी, वर्षाचा नफा १०० कोटी, नेटवर्थ ६०० कोटी. म्हणून ईपीएस १० रुपये आणि प्रति शेअर बुक व्हॅल्यू ६० रुपये. कंपनी मुदत ठेवीतले १०० कोटी काढून बायबॅक करते. ठेवीवर ७ टक्के व्याज होतं. सुमारे २५.१७ टक्के कंपनी कर वजा केला तर हातात ५.२४ टक्के उरत होते. म्हणजे यापुढे वर्षाला ५.२४ कोटी नफा कमी, ९४.७६ कोटी.

बायबॅक १५० रुपयांनी झाला तर १०० कोटींत सुमारे ६६.६७ लाख शेअर परत येतात आणि ९.३३ कोटी उरतात. पूर्ण वर्षाचा ईपीएस होतो १०.१५ रुपये. बरेच जण १०० कोटींनाच ९.३३ कोटींनी भागून १०.७१ सांगतात, तिथे बुडालेलं व्याज विसरलेलं असतं. बुक व्हॅल्यूसाठी ५०० कोटींना ९.३३ कोटींनी भागा, येतात ५३.५७ रुपये. ईपीएस वाढला, बुक व्हॅल्यू घटली. तुमच्याकडे घडलंय ते याच जातीचं.

आता तीच कंपनी २०० रुपयांनी बायबॅक करते असं धरा. ५० लाख शेअर येतात, ९.५ कोटी उरतात, ईपीएस ९.९७. शेअर ५ टक्के कमी होऊनही ईपीएस किंचित घसरला! कारण २०० रुपये देऊन कंपनीने १० रुपये कमावणारा शेअर विकत घेतला, म्हणजे ५ टक्के परतावा, आणि त्यासाठी ५.२४ टक्के देणारी ठेव मोडली. या कंपनीसाठी सीमारेषा साधारण १९१ रुपयांवर, म्हणजे ईपीएसच्या सुमारे १९ पट किमतीवर, १९ च्या पी/ई वर आहे. त्याखालच्या किमतीला ईपीएस वाढतो, वरच्या किमतीला घटतो. कर्ज काढून बायबॅक केला तर ठेवीच्या दराऐवजी कर्जाचा करोत्तर दर धरायचा. तो जास्त असल्याने रेषा आणखी खाली येते.

बुक व्हॅल्यूची रेषा मात्र वेगळी, आणि ती अगदी सरळ आहे: बायबॅकच्या आधीची बुक व्हॅल्यू, इथे ६० रुपये. भागीदारीच्या दुकानातून एक जण बाहेर पडताना वहीतल्या हिश्शापेक्षा जास्त पैसे घेऊन गेला, तर उरलेल्यांचा वहीतला हिस्सा घटणारच. हाच बायबॅक ५० रुपयांनी झाला असता तर २ कोटी शेअर परत आले असते आणि उरलेल्या ८ कोटींवर बुक व्हॅल्यू ६२.५० झाली असती, ईपीएस सुमारे ११.८५. पण चांगल्या चालणाऱ्या कंपनीचा शेअर बुक व्हॅल्यूखाली क्वचितच मिळतो. म्हणून ६० ते १९१ हा जो मधला पट्टा आहे, बरेच बायबॅक अशा पट्ट्यात पडतात: ईपीएस वर, बुक व्हॅल्यू खाली.

मग तुमच्या कंपनीचा ईपीएस जागचा का हलला नाही? इथे वेळेचा मुद्दा येतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ताळेबंद ३१ मार्च या एका दिवसाचा असतो, त्यामुळे बुक व्हॅल्यूवर पूर्ण परिणाम लगेच दिसतो. ईपीएस मात्र वर्षभराच्या भारित सरासरी शेअरसंख्येवर काढावा लागतो. वरच्या १५० रुपयांच्या उदाहरणात शेअर जानेवारीअखेर रद्द झाले असं धरू. दहा महिने १० कोटी आणि दोन महिने ९.३३ कोटी, म्हणजे सरासरी सुमारे ९.८९ कोटी. व्याजही दोनच महिन्यांचं बुडालं, म्हणून नफा ९९.१३ कोटी. ईपीएस १०.०२. खरा परिणाम पुढच्या वर्षी दिसेल.

काही संकेतस्थळं वर्षाच्या नफ्याला वर्षअखेरच्या शेअरसंख्येने भागतात. इथे तसं केलं तर १०.६२ येतात आणि ईपीएस एकदम उसळल्यासारखा वाटतो. तो आकडा धरू नका. वार्षिक अहवालात ईपीएसची टीप उघडा, भारित सरासरी संख्या तिथे छापलेली असते. इक्विटीतल्या बदलांच्या तक्त्यात कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह वाढलेला दिसेल. रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी मूल्याएवढी रक्कम तिथे हलवावी लागते. ती एका राखीव निधीतून दुसऱ्यात जाते, नेटवर्थला हात लागत नाही.

जुना बायबॅक तपासत असाल तर कर पाहा. जुलै २०१९ ते सप्टेंबर २०२४ या काळात बायबॅकची किंमत आणि कंपनीने तो शेअर मुळात विकला तेव्हाची किंमत यांतल्या फरकावर शेअर बाजारात नोंदलेली कंपनीच सुमारे २३.३ टक्के कर भरायची. आपल्या उदाहरणात मूळ किंमत १० रुपये धरली तर हा कर जवळपास २१.७ कोटी होतो. बुक व्हॅल्यू ५३.५७ ऐवजी ५१.२४ वर येते आणि ईपीएसही १०.०३ पर्यंत उतरतो. उरलेल्या भागधारकांच्या दृष्टीने ती व्यवस्था महागाची होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुक व्हॅल्यू घटली म्हणून तुमचं नुकसान झालं असं मात्र मानू नका. बुक व्हॅल्यू हा वहीतला आकडा आहे. शेअरची खरी किंमत २५० असेल आणि कंपनीने १५० ला घेतला, तर न विकणाऱ्याचा फायदाच झाला. खरी किंमत १०० असेल तर त्याने तोटा सोसला. दोन्ही बाबतीत ईपीएस आणि बुक व्हॅल्यू तंतोतंत सारखेच दिसतील. म्हणून मी या दोन आकड्यांवरून बायबॅकला चांगला किंवा वाईट ठरवत नाही.

आपल्या नागपूरच्या मॉईल या मँगनीज खाणकंपनीचं उदाहरण पाहा. २०२२ च्या सुरुवातीला तिने २०५ रुपयांनी सुमारे ३.३८ कोटी शेअर परत घेतले, खर्च साधारण ६९४ कोटी. संख्या सुमारे २३.७३ कोटींवरून २०.३५ कोटींवर आली, म्हणजे १४ टक्क्यांची घट. तरीही पुढच्या वर्षी ईपीएस वाढला नाही, कारण नफाच सुमारे ३७७ कोटींवरून २५१ कोटींवर आला. २५१ कोटींना जुन्या संख्येने भागलं तर १०.५८ रुपये येतात, नव्या संख्येने १२.३३. या दोन आकड्यांमधला फरक बायबॅकचा आहे, त्यातूनही गेलेल्या ६९४ कोटींवरचं व्याज वजा धरायचं. बाकी घसरण खाणीच्या धंद्याची. तुमच्या कंपनीचा पुढच्या मार्चचा निकाल आला की हीच दोन भागाकारांची पद्धत लावा: एकदा जुन्या संख्येने, एकदा नव्या संख्येने.